फोटोतल्या नकाशावरून अंतर काढताना उत्तर चुकतंय? दोष शोधायचा क्रम

मी गणित आणि भूगोलाची शिकवणी घेतो. मुलं पुस्तकातल्या किंवा सरावपत्रिकेतल्या पानाचा फोटो काढून पाठवतात आणि खाली लिहितात, "सर, उत्तर जुळत नाहीये." नकाशा प्रमाणाच्या गणितात हे इतक्या वेळा झालंय की आता फोटो उघडायच्या आधी मी एकच प्रश्न विचारतो: तुझं उत्तर किती आणि मागे दिलेलं किती? हे दोन आकडे समोरासमोर उभे केले की दोष कुठे आहे ते बहुतेक वेळा तिथेच कळतं.

हे सगळं अशा गणिताबद्दल आहे ज्यात नकाशा किंवा आराखडा छापलेला आहे, त्याचं प्रमाण दिलेलं आहे, आणि नकाशावरच्या लांबीवरून प्रत्यक्ष अंतर (किंवा उलट) काढायचं आहे. फरक एवढाच की तुमच्या हातात मूळ पान नाही. त्याचा फोटो आहे, किंवा त्या फोटोची छापील प्रत आहे.

लक्षणं

आपलं उत्तर भागिले पुस्तकातलं उत्तर, एवढं करा. कॅल्क्युलेटरवर दहा सेकंदांचं काम आहे.

भागाकार १०, १००, १००० किंवा ०.१, ०.०१ असा आला, तर शून्यांचा घोळ आहे. एकक बदलताना चूक झाली असेल किंवा फोटोत प्रमाणाचा आकडाच चुकीचा वाचला गेला असेल.

भागाकार ०.८५, १.२ असा काहीतरी विचित्र आला, आणि त्याच नकाशावरच्या सगळ्या उपप्रश्नांना साधारण तोच आला, तर तुमची आकडेमोड बरोबर आहे. चित्राचा आकार बदललाय.

भागाकार दर उपप्रश्नाला वेगळा, म्हणजे आडव्या अंतरांना एक आणि उभ्यांना दुसरा, किंवा नकाशाच्या खालच्या भागात बरोबर आणि वरच्या भागात कमी, असं असेल तर फोटो तिरका आलाय किंवा ताणला गेलाय.

भागाकार नाही, पण वजाबाकी दर वेळी सारखी येत असेल, म्हणजे प्रत्येक उत्तर तेवढ्याच मीटरनं जास्त, तर मोजपट्टी शून्यावर लावलेली नाही.

फरक एक-दोन टक्क्यांचाच असेल तर बहुधा चूकच नाही. त्याबद्दल पुढे.

आता तपासण्या. क्रम असा लावलाय की पहिल्यांना काहीच लागत नाही, मग कागदाची एक पट्टी, मग पुन्हा फोटो, आणि शेवटी माणूस.

१. मोजायचं आहे का, हे आधी वाचा

हसू नका. बऱ्याच गणितांत नकाशावरची लांबी शब्दांत दिलेली असते: "नकाशावर दोन गावांमधील अंतर ७.२ सेमी आहे." शेजारी एक चित्र असतं, ते फक्त डोळ्यांना कळावं म्हणून. मुलगा ते चित्र मोजतो, ५.९ सेमी येतं, आणि तोच आकडा धरून पुढे जातो. लांबी लिहिलेली असेल तर लिहिलेलीच धरायची. फोटो लहान होवो, मोठा होवो, तिरका होवो, लिहिलेला ७.२ हा ७.२च राहतो. चित्राखाली "आकृती प्रमाणात नाही" असं बारीक अक्षरात असेल तर मोजपट्टी बाजूला ठेवा. आणि हे वाक्य फोटोत बऱ्याचदा कापलं जातं, त्यामुळे पानाचा खालचा भाग फोटोत आलाय का तेही बघा.

घराच्या आराखड्यालाही हाच नियम. भिंतीवर ३.६० मी लिहिलंय आणि मोजून ३.४ येतंय, तर लिहिलेलं खरं. आराखडे काढणारी माणसंही असंच मानतात.

२. प्रमाणाचा आकडा आणि पाच शून्यं

अंकप्रमाणाला एकक नसतं. १:५०,००० म्हणजे नकाशावरचा १ सेमी हा जमिनीवरचे ५०,००० सेमी. हेच १ मिमीला ५०,००० मिमी असंही म्हणता येतं. दोन्ही बाजूंना एकक एकच. मुलं इथे डावीकडे सेंटिमीटर आणि उजवीकडे मनातल्या मनात मीटर धरतात, आणि उत्तर शंभर पट फुगतं.

सेंटिमीटरचे मीटर करताना दोन शून्यं जातात, मीटरचे किलोमीटर करताना तीन. एकूण पाच. म्हणून मी छेदातली पाच शून्यं आधीच उडवायला, म्हणजे छेदाला एक लाखानं भागायला सांगतो:

१:५०,००० → १ सेमी = ०.५ किमी
१:२५,००० → १ सेमी = ०.२५ किमी
१:२,५०,००० → १ सेमी = २.५ किमी

मग ७.२ सेमी अंतर १:५०,००० वर ७.२ × ०.५ = ३.६ किमी. लाखांचे आकडे वहीत यायचंच कारण नाही. ज्याचं उत्तर ३६० किमी येतं त्यानं ३,६०,००० मधली तीनच शून्यं उडवलेली असतात, आणि भागाकार बरोबर १०० येतो. ३,६०० आलं तर दोनच उडवली, आणि ते उत्तर किलोमीटरमध्ये नाही, मीटरमध्ये बरोबर आहे.

फोटोमुळे होणारी चूक मात्र वेगळी. १:२५,००० आणि १:२,५०,००० हे अंधुक फोटोत जुळे भाऊ दिसतात. स्वल्पविराम गायब होतो, शेवटचं शून्य पानाच्या घडीत जातं. काही नकाशांत स्वल्पविरामाऐवजी फक्त मोकळी जागा असते, "१:२५ ०००", तर कुणी ते फक्त १:२५ असं वाचतं. शंका आली की नकाशावर अशी वस्तू शोधा जिचा आकार तुम्हाला माहीत आहे. फुटबॉलचं मैदान साधारण १०० मीटर लांब असतं. १:२५,००० वर ते ४ मिमी दिसेल, १:२,५०,००० वर जेमतेम अर्धा मिमी, म्हणजे ठिपका. नकाशात मैदान आयताकार, रेखीव दाखवलंय? मग प्रमाण १:२,५०,००० असूच शकत नाही. हा ताळा फोटो थोडा लहानमोठा झाला तरी चालतो, कारण इथे दहा पटींचा फरक पकडायचाय.

कधी कधी प्रमाण उलटं असतं, ५:१ असं. कीटकाचं किंवा स्क्रूचं चित्र मोठं करून काढलेलं असतं. तिथे चित्रातल्या लांबीला ५ने भागायचं. मोठा आकडा डावीकडे की उजवीकडे एवढं बघितलं की पुरे.

३. मोजपट्टीचं टोक

मोजपट्टीचं टोक आणि शून्याची रेघ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टोकापासून मोजलं तर लांबी कमी येते, १च्या रेघेपासून मोजून वजा करायला विसरलं तर १ सेमी जास्त. १:२५,००० वर १ सेमी म्हणजे २५० मीटर. तेव्हा प्रत्येक उत्तर नेमकं २५० मीटरनं जास्त येत असेल तर अजून काही शोधत बसू नका.

वळणदार रस्ता असेल तर दोरा लावून मोजतात, पण दोरा ताणला तर लांबी चुकते. न ताणता वळणावर बोटानं दाबत न्यायचा, आणि सरळ करतानाही ओढायचा नाही. मला स्वतःला कागदाची पट्टी जास्त भरवशाची वाटते: पट्टीची कड रस्त्याच्या छोट्या सरळ तुकड्यावर लावा, तुकड्याच्या शेवटी खूण करा, त्याच खुणेवर पेन्सिलीचं टोक रोवून पट्टी पुढच्या तुकड्याच्या दिशेला फिरवा.

४. चित्राचा आकार बदललाय का

सगळ्यात जास्त वेळा हेच निघतं, म्हणून जरा थांबून सांगतो.

एका मुलीनं पाठवलेलं गणित होतं. नकाशाचं प्रमाण १:२५,०००, शाळेपासून पुलापर्यंत सरळ अंतर काढा. तिनं फोटोची छापील प्रत काढली, मोजपट्टी लावली, ६.८ सेमी. ६.८ × ०.२५ = १.७ किमी. मागे उत्तर २ किमी. तीन वेळा गुणाकार तपासला म्हणे. शेवटी वैतागून लिहिलं, "सर, पुस्तकातलं उत्तर चुकलंय."

पुढचे दोन उपप्रश्न विचारले. पुस्तकात ३.५, तिचं २.९८. पुस्तकात १.२, तिचं १.०२. तिन्ही भागाकार ०.८५च्या आसपास. गुणाकार चुकला असता तर तीन ठिकाणी सारखा चुकला नसता. मग मी म्हटलं, "नकाशाच्या तळाशी किलोमीटरची पट्टी छापलीय, ती मोज." ती १ किमीची पट्टी तिच्या प्रतीवर ३.४ सेमी भरली.

आता बघा. १:२५,००० म्हणजे १ किमीला ४ सेमी हवेत. मूळ पानावर ती पट्टी ४ सेमीच असणार. प्रतीवर ३.४. ३.४ भागिले ४ म्हणजे ०.८५. फोटो काढून छापताना नकाशा मूळच्या ८५ टक्के झाला होता, आणि त्यावर छापलेला "१:२५,०००" हा मजकूर मात्र तसाच राहिला होता. आकुंचन पावलेल्या नकाशावर मूळ अंकप्रमाण म्हणजे उसवून लहान केलेल्या सदऱ्यावर जुन्या मापाची चिठ्ठी. त्या प्रतीचं खरं प्रमाण आता साधारण १:२९,४०० झालंय, पण ते कुठेच लिहिलेलं नाही.

रेषाप्रमाणाचं तसं नाही. ती पट्टी नकाशाचाच भाग आहे. नकाशा आक्रसला की तीही आक्रसते, वाढला की तीही वाढते. म्हणून फोटोवर काम करताना अंकप्रमाण विसरा आणि पट्टीनं मोजा:

प्रत्यक्ष अंतर = (मोजलेली लांबी ÷ पट्टीची मोजलेली लांबी) × पट्टीवर लिहिलेलं अंतर
६.८ ÷ ३.४ × १ किमी = २ किमी

दोन्ही लांब्या एकाच प्रतीवर मोजल्या की सेंटिमीटरचं काही महत्त्व उरत नाही. मोबाइलच्या पडद्यावर मोजलं तरी चालतं, संगणकावर चित्र उघडून पिक्सेल मोजले तरी चालतं, अट एकच: मधे चित्र बोटांनी लहानमोठं करायचं नाही. मुलं नेमकं तेच करतात. अंतर मोजताना चित्र मोठं करतात, पट्टी मोजताना खाली सरकून पुन्हा बारीक करतात. आधी स्क्रीनशॉट घ्या आणि दोन्ही त्यावर मोजा.

मोजपट्टी नसली तरी भागतं. कागदाच्या पट्टीच्या कडेवर शाळा आणि पूल अशा दोन खुणा करा, ती कड किलोमीटरच्या पट्टीला लावा, वाचा. मी मुलांना हीच पद्धत आधी शिकवतो, कारण यात गुणाकारच नाही.

उलट गणितात मात्र सावध. "३.५ किमी अंतर नकाशावर किती सेंटिमीटर?" याचं उत्तर मूळ प्रमाणानं १४ सेमी, तेच वहीत लिहायचं, कारण प्रश्न मूळ नकाशाबद्दल आहे. पण तुमच्या प्रतीवर शाळेपासून ३.५ किमीवर खूण करायची असेल तर ३.५ × ३.४ = ११.९ सेमी. एकाच प्रश्नाला दोन आकडे, दोन्ही बरोबर, आणि कुठला कुठे वापरायचा हे प्रश्नातल्या शब्दावर ठरतं.

छापतानाच हा घोळ टाळायचा असेल तर प्रिंटच्या खिडकीत "पानात बसवा" अशा अर्थाचा पर्याय काढून १०० टक्के ठेवा. पण याचा उपयोग पीडीएफ मूळ मापात बनवलेली असेल तरच. मोबाइलनं काढलेल्या फोटोला मूळ मापच नसतं, तिथे १०० टक्के हा शब्द पोकळ आहे. झेरॉक्स यंत्रावर ए४चं ए३ केलं असेल तर लांबी १.४१ पट होते, तो भागाकार दिसला की यंत्राची आठवण काढा.

५. पट्टी नीट वाचली का

पट्टी वापरूनही भागाकार ०.७५ आला, असं एकदा झालं. पट्टीवर आकडे होते: १, ०, १, २, ३. शून्य डाव्या टोकाला नाही, एक घर आत आहे. शून्याच्या डावीकडचं घर हे बारीक भाग वाचण्यासाठी असतं, म्हणजे पूर्ण किलोमीटर उजवीकडे वाचायचे आणि उरलेले मीटर डावीकडच्या बारीक घरांत. मुलानं डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत मोजलं आणि त्याला ३ किमी म्हटलं. ते ४ किमी आहे. तीन भागिले चार, ०.७५. पट्टीचं माप घेताना शून्यापासून सुरू करा, टोकापासून नाही.

काही नकाशांवर दोन पट्ट्या एकाखाली एक असतात, एक किलोमीटरची, एक मैलांची. मैलाची घेतली असेल तर भागाकार ०.६२ येतो.

६. फोटो तिरका किंवा ताणलेला

इथून पुढे काम वाढतं. आधी खात्री करून घ्या की खरंच इथपर्यंत यायची गरज आहे.

नकाशाच्या चौकटीच्या चार कडा मोजा. वरची आणि खालची सारखी हवी, डावी आणि उजवी सारखी हवी, दोन्ही कर्ण सारखे हवेत. एका फोटोत खालची कड १२.६ सेमी भरली आणि वरची ११.४. म्हणजे मोबाइल पानाच्या खालच्या बाजूला झुकलेला होता. जवळची बाजू मोठी, लांबची लहान. पट्टी खाली छापलेली होती, तिच्यानं वरच्या भागातलं अंतर मोजलं तर ते जवळजवळ १० टक्के कमी येणार. आणि अशा फोटोत एकाच रेषेवरही प्रमाण पुढे जाता जाता बदलत असतं, त्यामुळे एका गुणाकारानं ते सुधारता येत नाही. हट्ट करू नका, फोटो पुन्हा काढा.

पुन्हा काढताना पान सपाट ठेवा, मोबाइल पानाच्या बरोबर वर आणि पानाला समांतर. अगदी जवळून काढू नका, कडा वाकतात. जरा वरून काढून नंतर कापा. जाड पुस्तक असेल तर बांधणीजवळ पान फुगतं आणि तिथली अंतरं आक्रसतात, तो भाग हातानं दाबून धरा. आणि एक मोजपट्टी नकाशाशेजारी पानावर ठेवूनच फोटो काढा. पुढे कितीही लहानमोठं झालं तरी फोटोतल्या मोजपट्टीचे १० सेमी तुमच्या प्रतीवर किती भरतात यावरून मूळ लांबी काढता येते. प्रतीवर ते ७.५ सेमी भरले, तर प्रतीवरची प्रत्येक लांबी ०.७५नं भागा, मूळ सेंटिमीटर मिळाले, आणि मग अंकप्रमाणही पुन्हा वापरता येतं. ज्या नकाशावर पट्टी छापलेलीच नाही, फक्त १:२५,००० आहे, तिथे हाच मार्ग सगळ्यात भरवशाचा.

दुसरा प्रकार जास्त फसवा आहे. मोबाइलमधलं स्कॅन करणारं अॅप तिरका फोटो ओढून सरळ करतं. चौकट छान काटकोनी दिसते, कडा जुळतात, कर्णही जुळतात. पण ओढताना उंची आणि रुंदी यांचं गुणोत्तर अॅपनं अंदाजानं ठरवलेलं असू शकतं. मग आडवं प्रमाण एक आणि उभं दुसरं. ओळखायचं कसं? नकाशावर चौरस जाळी असेल तर एक घर मोजा. रुंदी आणि उंची सारखी नसेल तर चित्र ताणलेलं आहे. जाळी नसेल तर वर्तुळ शोधा, एखादी टाकी, एखादा गोल चौक, तो अंडाकृती दिसतोय का. पूर्ण पान फोटोत असेल आणि ते ए४ असेल तर लांबी भागिले रुंदी १.४१४ यायला हवी.

एक उदाहरण करून दाखवतो. जाळीचं घर १ किमीचं. प्रतीवर ते ३.४ सेमी रुंद आणि ३.७ सेमी उंच. गावापासून धरणापर्यंत रेघ तिरकी आहे. मोजपट्टी सरळ लावली, ९.० सेमी. खालच्या आडव्या पट्टीनं, म्हणजे ३.४नं भागलं, २.६५ किमी. उभ्या मापानं, ३.७नं भागलं, २.४३ किमी. पुस्तकात २.५. दोन्ही चुकीचे.

बरोबर रीत अशी: रेघेचा आडवा भाग आणि उभा भाग वेगळे मोजा. आडवा ५.१ सेमी, म्हणजे ५.१ ÷ ३.४ = १.५ किमी. उभा ७.४ सेमी, म्हणजे ७.४ ÷ ३.७ = २ किमी. आता दोन्ही खऱ्या किलोमीटरमध्ये आहेत, त्यांना पायथागोरस लावा. १.५चा वर्ग २.२५, २चा वर्ग ४, बेरीज ६.२५, वर्गमूळ २.५. जुळलं. पायथागोरस किलोमीटरमध्ये आणल्यानंतर लावायचा, सेंटिमीटरमध्ये असताना लावला तर पुन्हा तोच ९.० हाती येतो.

ही रीत फक्त ताणलेल्या चित्राला चालते. समोरासमोरच्या कडा असमान असतील, तर नाही.

७. क्षेत्रफळ असेल तर

थोडक्यात: लांबीचं प्रमाण दोनदा लागतं. १:५०० आराखड्यावर ४ सेमी × ६ सेमीचा भूखंड. मुलं २४ला ५००नं गुणतात आणि १.२ चौरस मीटर भूखंड मिळतो, ज्यावर एक खाटही मावणार नाही. आधी बाजू खऱ्या करा, २० मी आणि ३० मी, मग गुणा, ६०० चौरस मीटर. फोटोचा दोषही दोनदा लागतो. ८५ टक्के झालेल्या प्रतीवर क्षेत्रफळ ७२ टक्केच भरतं. त्यामुळे क्षेत्रफळाचा भागाकार ०.७२ आला तर त्याचं वर्गमूळ काढून बघा.

किती फरक चालतो

१:२५,००० वर १ मिमी म्हणजे २५ मीटर, १:५०,००० वर ५० मीटर. साध्या मोजपट्टीनं अर्धा मिमी इकडेतिकडे होणारच, आणि गावाचा ठिपकाच एक मिमी रुंद असतो. तेव्हा २ किमीच्या जागी १.९८ किंवा २.०२ आलं तर शोधाशोध थांबवा. ठिपक्याच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजलं की पुरे. उत्तरात २.०१७ किमी असं लिहिलेलं दिसलं की मला उलट काळजी वाटते. मोजपट्टी तेवढं बोलूच शकत नाही.

कुठे थांबायचं

फोटोत प्रमाण कापलं गेलंय, पट्टी नाही, जाळी नाही, आणि एकही लांबी लिहिलेली नाही, तर त्या चित्रातून अंतर निघत नाही. मागच्या उत्तरावरून प्रमाण उलटं काढून उपप्रश्न सोडवणं म्हणजे ताळ्यालाच गणित म्हणणं. मूळ पानाचा फोटो मागवा किंवा ज्यांनी गणित दिलंय त्या शिक्षकांना विचारा. भागाकार, कडा, जाळी सगळं तपासून, मूळ छापील पानावर मोजूनही उत्तर जुळत नसेल तरीही त्यांनाच विचारा. उत्तरसूचीही चुकते, पण ती शंका पहिल्यांदा नाही, सगळ्यात शेवटी घ्यायची.

जगाचा नकाशा किंवा खंडाचा नकाशा असेल तर एकाच पट्टीनं सगळीकडे मोजू नका. मर्केटर प्रक्षेपणाच्या नकाशावर ६० अंश अक्षांशाजवळची लांबी विषुववृत्ताच्या मानानं दुप्पट ताणलेली असते. तिथे दोष फोटोचा नाही, नकाशाच्या जातीचा आहे, आणि हे भूगोलाच्या शिक्षकांबरोबर बसून बघण्याचं काम आहे.

आणि समोरचा कागद सरावाचा नसून खरोखरच्या जमिनीचा किंवा बांधकामाचा असेल, तर यातली एकही युक्ती वापरू नका. मध्यंतरी एका पालकांनी गणिताच्या फोटोमागोमाग स्वतःच्या जागेच्या आराखड्याचा फोटो पाठवला, "सर, हाच हिशेब लावून कुंपण किती मीटर येईल?" १:५०० वर १ मिमी म्हणजे अर्धा मीटर, आणि फोटो हातात धरून काढलेला, तिरका. मी त्यांना भूमापकाकडे पाठवलं.